जयलक्ष्मीची नोटीस

सभेच्या दिवशी सकाळी डिंकाची बाटली शोधायला ड्रॉवर उघडला, अन् हातात आली जयलक्ष्मीची नोटीस. तिकीट लावलेली, पत्ता घातलेली, पोस्टात टाकायचीच राहिलेली! बत्तीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल रेघा ओढल्या मी, अन् हा माझा गाढवपणा.

मी अंबूताई, रायापूरच्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीची चिटणीस. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी प्रत्येक सभासदाला जायला हवी. यंदा विषय क्रमांक सहा होता, मुदतीत घर न बांधल्याबद्दल जयलक्ष्मीचा प्लॉट काढून घेणे. नवरा गेलेली बाई, गदगला मास्तरीण. तिला याचा पत्ताच नव्हता. त्या प्लॉटवर अध्यक्ष अप्पाजींच्या जावयाचा डोळा, आणि माझा मुलगा वरद अप्पाजींच्याच गिरणीत कारकून. सांगू कुणाला?

शाळेच्या हॉलमध्ये चारला सभा. ऐंशी सभासद, कोरम सोळाचा. साडेचारपर्यंत भरला नाही तर सभा आठ दिवस पुढं जाते. देवा, जाऊ दे रे! तेवढ्या दिवसांत मी स्वतः गदगला जाऊन तिला घेऊन आले असते. हजेरीवहीत पंधरा सह्या झाल्या. घड्याळात चार अठ्ठावीस.

अन् परशुराम वकील धापा टाकत आले. "उशीर झाला अक्का, सही कुठं करू?"

मेल्या, आजच यायचं होतं!

अप्पाजी खुर्चीत सावरून बसले. "कोरम झाला. नोटीस सगळ्यांना पोचली ना?"

दरवर्षी विचारतात. दरवर्षी सगळे "हो हो" म्हणतात, तसं म्हणाले. पाच विषय झाले. मागचं इतिवृत्त, अहवाल, ऑडिटर, काय काय मंजूर झालं, मला ऐकूच आलं नाही.

"विषय सहा. बाई हजर नाहीत. म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही," अप्पाजी म्हणाले.

मी उभी राहिले. पिशवीतलं नोटिशीचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"तिला नोटीसच गेली नाही. चूक माझी आहे."

अप्पाजी माझ्याकडं बघत राहिले. परशुराम वकिलांनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "बाकीची सभा चालेल. पण जिच्याविरुद्ध ठराव, तिलाच कळवलं नाही? हा विषय आज घेता येणार नाही."

मी तिथंच इतिवृत्तात लिहिलं: 'चिटणीसांच्या चुकीमुळं सभासदास नोटीस नाही. विषय सहा तहकूब.' वही अप्पाजींपुढं सरकवली. त्यांनी सही केली आणि सगळ्यांदेखत, अगदी सावकाश म्हणाले, "वरदला सांगा, उद्यापासून गिरणीत यायचं नाही."

घरात तेवढाच एक कमावता. तरी हात आपोआप वहीकडं गेला.

"हे कुठल्या विषयाखाली लिहू, अप्पाजी?"