पांढर आणि माळ

सेमिनारला आठ दिवस होते आणि मी जिंकल्यातच जमा होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याचा राग मला अजून येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

२००३ चा एप्रिल. मी नांदेडला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत होते. बारावीला लातूरच्या क्लासेसमध्ये दोन वर्षं घासली, एका प्रश्नाची चार उत्तरं बघून बरोबर खूण करायला शिकले, आणि तरी मेडिकल तीन मार्कांनी हुकलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. प्रत्येक ठिकाणी मीच पहिली यायला पाहिजे, नाहीतर डोकं फिरतं.

सेमिनारचा विषय देवणीकर सरांनी हिवाळ्यातच दिला होता. उजाड झालेली जमीन माणसानं मोकळी सोडून द्यावी, म्हणजे निसर्ग आपला आपण परत येईल, का चर खोदून, माती आणून, रोपं लावून ती हातानं सुधारावी? मोकळी सोडायची बाजू माझी. खोदायची बाजू हारिसची. हारिसच्या अब्बांचं लोहारकामाचं दुकान आहे, टिकाव-फावडी बनवतात. मी त्याला म्हणायचे, "तू चर खोदायला सांगणारच की, अब्बांचा माल खपायला नको का?" तो म्हणायचा, "और तू काही न करता डिग्री घेणार, मस्त आहे तुझं." त्याला कधी राग यायचा नाही, याचाच मला राग यायचा.

पण हा नुसता सेमिनार नव्हता. सामाजिक वनीकरण खात्याचे साहेब ऐकायला येणार होते. आमच्याच गावाजवळ अठरा हेक्टरांचा गायरान माळ आहे, त्याचं काय करायचं ते त्यांना ठरवायचं होतं आणि सल्ला सरांकडे मागितला होता. माझी बाजू पटली तर सगळा माळ दहा वर्षं चराईला बंद होणार. माझी माय कोंडाबाई त्या माळावर अकरा शेळ्या चारते. तिला मी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. दहा वर्षांनी जंगल उभं राहील तेव्हा तिचीच छाती फुगेल, असं मनात धरून बसले होते. केवढा तो शहाणपणा.

माझा पुरावा होता आमचं जुनं गाव. त्र्याण्णवच्या भूकंपात ते आडवं झालं. आमचं कुडाचं घर नुसतं हललं, पण दगडमातीच्या माळवदांखाली माणसं गेली. सरकारनं तीन किलोमीटरवर नवं गाव बसवलं आणि जुनं तसंच पडून राहिलं. कुणी नांगर घातला नाही, कुणी रोप लावलं नाही. साडेनऊ वर्षांत तिथं लिंब, बोर, हिवर, सीताफळ, पळस असं रान माजलं. मी दहा-दहा मीटरचे दहा चौकोन आखून मोजलं. चौदा जातींची झाडं निघाली. त्याच काळात माळाच्या एका टोकाला खात्यानं लागवड केली होती. तिथं सुबाभूळ आणि गिरिपुष्प, दोनच जाती, आणि शंभरातली बावीस रोपं जिवंत. न केलेल्याला चौदा, केलेल्याला दोन. सर म्हणाले, "बुद्धप्रिया, आकडे बोलतात." मी हवेत होते.

मातीचे थोडे नमुने कमी पडले म्हणून अहमदपूरवरून एसटी बदलत गावाकडे गेले. जुन्या गावाच्या कडेला केरबामामा, म्हणजे मायचा भाऊ, बैलगाडीत माती भरत होता. मऊ, राखेच्या रंगाची. मी विचारलं, "मामा, ही कुठं नेऊन राहिला?"

"वावरात. पावसाच्या आधी दोन-चार खेपा टाकतो दरसाल."

"का?"

मामानं खोरं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, पांढर हाय ही. शेकडो वर्सं माणसं राहिली हितं. चुलीची राख, जनावराचं शेण, मूत, समदं हिच्यात मुरलंय. हिच्यावर काहीबी फेक, येतंय. तुला ठाव न्हाई? लहानपणी गाडीवर बसून यायचीस की माझ्यासंगं."

ठाऊक होतं. अगदी ठाऊक होतं. पांढर म्हणजे वस्तीची माती आणि तिला खताची गरज नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी साडेनऊ वर्षं मोजली, पण त्याआधीची शेकडो वर्षं मोजलीच नाहीत. मी खत मुरलेल्या गावठाणाची तुलना मुरमाड माळाशी केली आणि वर म्हटलं, बघा, निसर्ग कसा परत येतो. मी तिथंच खाली बसले. मामा म्हणाला, "ऊन लागलं का गं?"

नांदेडला येऊन दोन्हीकडची माती तपासली. पांढरीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, माळाच्या नऊपट. पांढर हातभर खणली तरी मातीच, माळावर वीतभर खाली नुसता मुरूम. माझे चौदा आणि दोन हे आकडे खोटे नव्हते, पण ते जे सांगत होते ते मी ऐकलंच नव्हतं. दोन रात्री मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. खोलीतली आलिया वैतागून म्हणाली, "बस ना गं एकदाची."

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सारांश साहेबांकडे गेलाय. तू तुझी बाजू मांड. कुणी मातीचं विचारलं तर सांग. कुणी विचारणार नाही." सर वाईट नव्हते, थकलेले होते. पण मला ते बोलणं झोंबलं, कारण क्लासमध्ये मी हेच शिकले होते. विचारलं नाही त्याचं उत्तर द्यायचं नाही.

सेमिनारच्या दिवशी आधी हारिस बोलला. अहमदपूरकडच्या डोंगरउतारावरचे समतल चर, त्यात अडलेलं पाणी, शंभरातली शहाऐंशी रोपं जिवंत. मी तयारच होते. विचारलं, "मोजणी कधीची?"

"२००१ च्या ऑक्टोबरची."

"लागवड जुलैची. म्हणजे पावसात मोजलीस. पुढच्या मे महिन्यात किती राहिली?"

हारिसनं मान खाली घातली. मग म्हणाला, "मे में गया था. एकेचाळीस. ती शीट लावली नाही."

खोलीत कुजबूज झाली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही. माझी पाळी आली. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर मी पहिली पारदर्शिका ठेवली, चौदा आणि दोन. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग मी सकाळी हातानं लिहिलेली दुसरी ठेवली. स्फुरद, मातीची खोली, पांढर आणि माळ शेजारी शेजारी.

"ही तुलना चुकीची आहे," मी म्हणाले. "चूक माझीच. जुनं गाव आपोआप हिरवं झालं, कारण त्याची माती पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी आणि जनावरांनी भरली होती. माळावर माती उरलेलीच नाही. तिथं बी पडलं तरी मुळं धरायला जागा नाही. सगळा माळ नुसता बंद केला तर दहा वर्षांनी बंद केलेला माळच मिळेल."

सरांनी पेन खाली ठेवलं. साहेब म्हणाले, "मग चर खोदायचे?"

"सगळीकडे नाही. जिथं मुरूम उघडा पडलाय तिथं चर, तळ्यातला गाळ आणि इथल्याच झाडांचं बी. जिथं कोपरभर माती आहे आणि जुन्या झाडांचे खुंट जिवंत आहेत, तिथं खोदलं तर खुंट मरतील. तिथं फक्त चराई थांबवायची, ते आपोआप फुटतात. आधी जागोजागी पहार मारून बघावं लागेल."

"कोण बघणार?"

"मी," असं मी म्हणाले, कारण मला गप्प बसता येत नाही.

मला साठातले एकतीस मार्क पडले. सरांनी शेरा लिहिला, निष्कर्षात सुसंगती नाही. हारिसला त्याहून दोन कमी. तो चहा पिताना म्हणाला, "चला, फेल दोघेही नाही झालो." मी हसले नाही.

साहेबांनी मात्र माझं म्हणणं धरलं. मे महिन्यात हारिस, केरबामामा आणि मी चार दिवस त्या माळावर पहार मारत हिंडलो. उन्हानं जीव नकोसा झाला. चौदा हेक्टरांवर पहार वीतभरात खणकन वाजायची. त्यातलं निम्मं आधी खोदायचं आणि निम्मं चरायला मोकळं ठेवायचं, असं ठरलं. मोकळ्या निम्म्यात कुसळी गवताशिवाय काही उगवत नाही. ओढ्याकडच्या चार हेक्टरांत मात्र पहार कोपरापर्यंत गेली. तिथं बोरीचे, पळसाचे, हिवराचे खुंट होते, गुडघ्याएवढे, शेंडे खुडलेले, पण जिवंत. मामा एका खुंटापाशी वाकला आणि म्हणाला, "हे शेळीनं खाल्लंय." त्या माळावर शेळ्या कुणाच्या, ते मामाला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्या चार हेक्टरांत चराई बंद करून भोवती चुन्याची रेघ मारायची होती, पण मला आणखी एकदा मोजावंसं वाटलं. रेघ दुसरीकडून जाईल, माती तिकडंही निघेल, असं वाटून मी संध्याकाळपर्यंत पहार मारत राहिले. हाताला फोड आले. हारिस म्हणाला, "बस कर. तू किती मारली तरी माती तीच राहणार."

दुसऱ्या दिवशी चुन्याची फक्की घेऊन मी एकटीच गेले. निम्मी रेघ झाली असेल, तर ओढ्यातून माय वर आली, अकरा शेळ्या घेऊन. शेळ्या पांढऱ्या रेघेवरून सरळ आत गेल्या आणि बोरीच्या फुटव्याला लागल्या.

"हे कशापायी?" मायनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. हिवाळ्यातच सांगायला पाहिजे होतं तेही सांगितलं.

"किती वर्सं?"

"तीन. खुंट आहेत म्हणून दहा नाहीत. दुसऱ्या वर्षापासून गवत कापून नेता येईल."

"शेळीला गवत न्हाई लागत. पाला लागतो."

हे मला ठाऊक होतं. सेमिनारमध्ये कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही बोलले नव्हते. "माय, मी रेघ दुसरीकडून नेते."

"तिकडं येतील का झाडं?"

"नाही."

मायनं हाळी देऊन शेळ्या एकेक करत रेघेबाहेर काढल्या. दोन हट्टी होत्या, त्यांना कान धरून ओढलं. सगळ्या बाहेर आल्यावर तिनं मोजल्या. त्यांच्या पायांनी पुसलेल्या जागेकडे तिनं बोट दाखवलं.

"हितं फक्की परत मार," ती म्हणाली, "दिसंना झालीया."