नानांचा न घेतलेला क्लोज

सिनेमातल्या मुलीचे तीन शॉट बिघडवून नानांना काय मिळणार होतं, हे ताईने संकलनाच्या पहिल्याच सकाळी मनाशी मांडून पाहिलं. सगळा सीन. बाप आणि मुलगी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसतात. राहतं घर आपण मुलाच्या नावावर करून टाकलं, हे बाप मुलीला सांगतो. चार मिनिटांच्या त्या सीनवर आख्खा सिनेमा उभा होता. मुलीचं काम करणारी पोरगी नवी होती आणि नाना चाळीस वर्षं कॅमेऱ्यासमोर मुरलेले. नव्या पोरीने सीन खाल्ला तर म्हातारपणी पोटात दुखणारच, असा ताईचा सरळ हिशोब.

ताई बावीस वर्षं संकलन करत होती. माणसं कॅमेऱ्यासमोर काय लपवतात, हे तिला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक असे.

आता पुरावा. आधी मास्टर, म्हणजे बाजूने, दोघं आणि मधलं टेबल दाखवणारा आख्खा सीन. त्यात नाना ‘मी सही केली’ने सुरू होणारं लांब वाक्य संपल्यावर पाण्याचा ग्लास उचलतात. मग पोरीच्या खांद्यावरून नानांचा शॉट, तोही तसाच. पण नानांच्या खांद्यावरून पोरीकडे कॅमेरा वळला, की नानांचा ग्लास नेमका पोरीच्या वाक्यावर वर येतो आणि तिचं तोंड झाकतो. एकदा उजव्या हातात, एकदा डाव्या. मास्टरवरून त्या शॉटवर कापलं, की ग्लास टेबलावरून उडी मारून हातात. तीन टेक, तिन्ही वाया. शेवटी पोरीचा एकटीचा क्लोज, म्हणजे पडदाभर चेहरा घेतला, तेव्हा कुठे तो मोकळा मिळाला.

“म्हातारा डँबिस आहे,” ती दिग्दर्शकाला म्हणाली. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या पहिल्या सिनेमाचं संकलन तिनेच केलेलं, हा दुसरा, आणि तिसऱ्याचं बोलणं चालू होतं.

“ताई, नाना देवमाणूस आहेत. स्वतःचा क्लोज शेवटी ठेवा म्हणाले. पोरगी ताजी आहे, तिचं आधी उरका म्हणाले. मग पाच वाजले, शूटिंगला घेतलेल्या घराच्या मालकाने दिवे बंद केले आणि नानांचा क्लोज राहिला तो राहिलाच.”

इथे ताईचा हिशोब चुकला. चोर दुसऱ्याचं लांबवतो, स्वतःचं घरी विसरून येत नाही. शिवाय तिने सेटवरची नोंदवही उघडली, तर क्रम उलटाच. कॅमेरा नानांकडे लागलेला, दिवे त्यांच्यावर लावलेले. कुठलंही युनिट तिथल्या तिथे क्लोज उरकून मग बाजू बदलतं. इथे नानांच्या आग्रहाखातर सगळं उचलून पलीकडे नेलं आणि मग तीन टेक ग्लासाने खाल्ले. माणूस मुद्दाम वेळ काढत होता. पण कशासाठी?

दिग्दर्शक गेल्यावर तिने पोरीच्या खांद्यावरून घेतलेला नानांचा शॉट पुन्हा लावला. छोटी वाक्यं झकास. लांब वाक्य आलं की नजर खाली. सेटवरच्या लहान पडद्यावर सगळ्यांना ती बापाची शरम वाटली होती. ताईने तो मोठा करून, सावकाश पाहिला. नजर झुकलेली नव्हती. ती डावीकडून उजवीकडे जात होती, मग परत डावीकडे.

तिने मास्टर लावला आणि टेबलावरची घडी घातलेली वर्तमानपत्राची पुरवणी मोठी केली. छापील अक्षरांवर जाड पेनाने लिहिलेल्या ओळी होत्या. वाचता येत नव्हत्या, मोजता आल्या. आठ.

नानांना पाठ राहत नव्हतं. दुरून खपलं, खांद्याआड कागद झाकला गेला. पण नुसता चेहरा आणि दोन डोळे उरले असते, तर लपायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी नाना शेजारच्या खोलीत आवाज भरायला आले. तिथे कागद हातात धरलेला चालतो. जाताना ताईच्या खोलीत डोकावले आणि न विचारता सोफ्यावर बसले.

“पोरगी काय म्हणते?”

“ती गप्प बसलेलीच जास्त बोलते. तुमचं सहीचं वाक्य तिच्या चेहऱ्यावर टाकतेय, नाना. तुमचा नुसता आवाज.”

“बरं करतेस. माझं नाक तसंही पडद्यात मावत नाही.” मग पडद्याकडेच बघत, “हल्ली यात काहीही मोठं करून बघता येतं म्हणे.”

“येतं.”

“किती मोठं केलंस?”

“ओळी मोजता येतील इतकं.”

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ते पुसणं खरं की अभिनय, हे ताई निरखत राहिली. तिला ठरवता येईना.

“पुढच्या महिन्यात एक मोठं काम सुरू होतंय,” ते उठताना म्हणाले. “शेवटचंच असेल. तुला काही सांगत नाही हो, बाई. तुझं काम तू कर.”

सांगत नाही म्हणत सांगून गेले. ताईला रागही आला.

दिग्दर्शकाचं म्हणणं ठाम होतं. “त्या वाक्यावर नानांचे डोळे पाहिजेत. खांद्यावरचा शॉट टाक. नाहीतर एक दिवस घर पुन्हा घेऊ, क्लोज मारू.”

म्हणजे दोन्हीकडून नानांचा कागद उघडा पडणार. ताईने दोन दिवस मागितले.

सुरुवात तिने मास्टरवर लांबवली. दोघांमधलं टेबल प्रेक्षकाला नीट कळू दिलं. मग छोटी वाक्यं या खांद्यावरून, त्या खांद्यावरून भरभर, भांडणाच्या चालीवर. ग्लास वर यायच्या आत बाहेर. क्लोज मात्र एकदाही नाही, तो राखून ठेवला. ‘मी सही’ला पोरीचा क्लोज पहिल्यांदा आला आणि कापायचं थांबलं. आवाज नानांचा, चेहरा तिचा, पूर्ण नऊ सेकंद. वाक्य संपलं तरी ती तशीच. मग पुन्हा मास्टर. तीच दोघं, पण टेबल आता लांबरुंद वाटणारं.

दिग्दर्शकाने तीनदा पाहिलं. “चांगलं आहे. पण नाना कुठेत?”

“ऐकू येतात की.”

“ताई, खरं सांग. खांद्यावरच्या शॉटमध्ये काही गडबड आहे का?”

खरं सांगितलं असतं तर तिची सुटका होती. दोन वाक्यांचं काम. ती म्हणाली, “नाही. मला हेच आवडलं. पुन्हा घर घेतलंस तरी मी नऊ सेकंद काढणार नाही.”

“म्हणजे हट्ट.”

“हट्ट म्हण.”

तारीख जवळ आली होती, सीन तसाच गेला.

सिनेमा लागला. पोरीच्या त्या नऊ सेकंदांवर लोक भरभरून बोलले आणि तिला दोन कामं मिळाली. बोलणाऱ्याला न दाखवण्याचं धाडस केलं म्हणून दिग्दर्शकाची पाठ थोपटली गेली. त्याने ती थोपटून घेतली. नानांचं मोठं काम ठरल्या दिवशी सुरू झालं. आणि तिसरा सिनेमा दुसऱ्या संकलकाकडे गेला. ताई हट्टी झाली, तिला नटाच्या डोळ्यांची किंमत कळत नाही, असं दिग्दर्शक चारचौघांत म्हणाला. ते तिच्या कानावर आलं, तिने खोडलं नाही. चौघांपैकी तिघांचं भलं झालं, आणि त्याचा सगळा खर्च ताईच्या नावावर पडला.