एकेचाळीस गिरक्या

सही करायची म्हटलं की भगवानराव कागद आधी उजेडात धरून बघत. तीस वर्षं भूमी अभिलेखात काढल्यावर ती सवय डोळ्यांतच उतरते. निवृत्तीनंतर आष्टीजवळच्या माळावर ग्लायडरवाल्यांचं शिबिर भरू लागलं आणि उड्डाणाचे निरीक्षक म्हणून त्यांनी भगवानरावांनाच धरलं. संशयी माणूस फुकटात मिळत असेल तर कोण सोडतो?

आज प्रियदर्शनीचा अर्ज समोर होता. बिनइंजिनाच्या विमानात एकटीनं सलग पाच तास हवेत. सही झाली तर पदक, आणि पदक असेल तरच पुढच्या महिन्यात लांबच्या उड्डाणाला परवानगी. उड्डाण अकरा पन्नासला, उतरणं चार सत्तावन्नला. दोन्ही भगवानरावांनी स्वतः पाहिलेलं. मधला अर्धा तास मात्र विमान टेकडीमागं गेलं होतं, आणि त्यांचं सगळं लक्ष त्या अर्ध्या तासात अडकलं होतं.

"दोन वाजून दहा मिनिटांनी जमिनीपासून अडीचशे मीटर," त्यांनी नोंदयंत्राचा आलेख दाखवला. "आणि वीस मिनिटांत सोळाशे. हे कसं?"

"थर्मल सापडलं, काका. मी उतरायला शेत शोधत होते. तेवढ्यात उजवा पंख आपोआप उचलला गेला. ज्या बाजूचा पंख उचलला जातो त्या बाजूला वर जाणारी हवा असते, म्हणून तिकडेच वळले. विमान वर चढतंय हे सांगणारा व्हेरिओ पींपीं करायला लागला, मग त्या हवेतच गोल फिरत राहिले. विमान हवेतून खालीच सरकत असतं, पण हवा त्याहून जोरात वर निघालेली असते."

"आणि ती हवा नेमकी तुझ्याच वेळेला निघाली."

"खाली नांगरलेलं काळं रान होतं, शेजारी भिजवलेला कांदा. काळं रान लवकर तापतं. दोन घारीही फिरत होत्या, पंख न हलवता."

घारींची साक्ष भगवानरावांनी नोंदवली नाही. यंत्राचं सील त्यांनीच लावलं होतं आणि ते शाबूत होतं, पण स्वतःच्या सीलवर तरी किती विश्वास ठेवायचा?

दोर ओढून ग्लायडर हवेत चढवणारं विंच चालवणाऱ्या वाहेद मिस्त्रीच्या मोटारसायकलवर बसून ते आलेखातल्या जागी पोचले. वाटेत वाहेद म्हणाला, "साहेब, पोरगी खोटं बोलायची न्हाई. लई सरळ हाय."

"सरळ माणसांच्याच फायली जाड असतात."

बांधावर मुक्ताबाई नावाची शेतकरीण उभी होती. मागं नांगरलेलं काळं रान, शेजारी ओला कांदा.

"मावशी, दोन वाजता इथं विमान आलं होतं का?"

"न्हाई."

"आवाज नसलेलं. पांढरं."

"कायबी आलं न्हाई. आन् हे रान पडीक हाय. कुनी नांगरलं न्हाई."

तिघांनी मिळून त्या ताज्या ढेकळांकडं पाहिलं. भगवानरावांचं जुनं डोकं तेवढ्यात कामाला लागलं. गायरान. बाईनं गायरानात नांगर घातलाय, आणि वर एक बिनआवाजी विमान वीस मिनिटं गोल फिरत राहिलं.

"मावशी, ते मोजणीचं विमान नव्हतं."

"मग कावून फिरत व्हतं तितक्या येळ?"

वाहेद हसला. भगवानराव हसले नाहीत. साक्षीदार हाताशी आला होता. "म्हणजे फिरत होतं."

मुक्ताबाईनं पदर सावरला. "तुमी कागदावर गट नंबर लिवनार न्हाई?"

"नाही लिहीत."

"मग ऐका. एकेचाळीस गिरक्या मारल्या. उद्या मोजनीवाले कायबी सांगतील म्हून मी बोटावर धरल्या. पयल्या गिरकीला मान्साचं डोकं दिसत व्हतं, शेवटाला पार घारीयेवढं झालतं. दर गिरकीला जरा उगवतीकडं सरकायचं. माझी हद्द तिकडंच हाय, म्हून ध्यानात ऱ्हायलं."

भगवानरावांनी आलेख उघडला आणि पेन्सिलीचं टोक ठेवत वळसे मोजले. दोनदा मोजले. एकेचाळीस. प्रत्येक वळसा आधीच्यापेक्षा थोडा पूर्वेला. वारा पश्चिमेचा होता. यंत्र आणि बाई या दोघांनी संगनमत केलं असेल का, याचाही त्यांनी क्षणभर विचार केला. पण बाईचा विमानावर इतका संशय होता की तिची साक्ष खोटी निघणं शक्यच नव्हतं.

त्यांनी मोटारसायकलच्या सीटवर अर्ज ठेवून सही केली. वाहेदनं प्रियदर्शनीला फोन लावला आणि "झालं" एवढंच म्हणाला.

मुक्ताबाई हलली नाही. "आता मलाबी द्या लिवून."

"काय?"

"की वरून कायबी मोजलं न्हाई."

भगवानरावांनी वहीचं पान फाडलं. सदर विमानाने फक्त हवा शोधली, जमीन मोजली नाही, असं लिहून खाली सही केली. मुक्ताबाईनं तो कागद उजेडात धरून बघितला.

"शिक्का कुटं हाय?" ती म्हणाली.