कमरेचा दोर

प्रशासकीय सेवेच्या मुलाखतीची ही त्याची अखेरची संधी होती. गेल्या वर्षी मंडळाने वडिलांविषयी विचारले, तेव्हा त्याचे उत्तर अर्ध्यावरच विरले. म्हणून यंदा भाड्याच्या खोलीत, समोर रिकामी खुर्ची मांडून, तो तेच उत्तर नित्य म्हणत असे. त्या खुर्चीखेरीज ऐकणारे कोणी नव्हते.

मग एका सराव-मुलाखतीत त्याने ते म्हणून दाखवले, तेव्हा मुलाखत घेणारे निवृत्त अधिकारी हसले.

"घोकंपट्टी झकास! आता एवढंच सांगा, वडील करतात काय?"

"बिकट परिस्थितीत त्यांनी..."

"परिस्थिती राहू द्या हो! माणूस कुठाय? तुमच्या उत्तरात वडील म्हणजे नुसती एक अडचण. लपवू नका, आणि रडगाणंही गाऊ नका. आहे ते सांगा."

मुलाखतीच्या दिवशी लांबट मेजापलीकडे पाच सदस्य बसले होते. अध्यक्षांनी विचारले, "आई-वडील काय करतात?"

"वडील विहिरी खणतात, सर. वर आलेली माती आई वाहते. दोघंही शाळेत गेले नाहीत."

"आणि तुमचं शिक्षण?"

"चौथीपर्यंत गावात, एकाच शिक्षकाच्या शाळेत. पुढे शहरात, वसतिगृहात राहून."

एका सदस्येने चष्मा सारखा केला. "सगळ्यांत अवघड काय गेलं? भूक? पैसा?"

खुर्चीपुढे पाठ केलेले वाक्य ओठांशी आले. त्याने ते गिळले.

"ते होतंच, मॅडम, पण भूक विसरलो. बाबा विहिरीत उतरायचे, तेव्हा त्यांच्या कमरेचा दोर काठावर आई आणि मी धरायचो. वसतिगृहातून पहिल्या सुट्टीत घरी आलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून शेजारच्या काकांना दिला. म्हणाले, तुझे हात आता लिहायचे. तेव्हापासून घरी मी पाहुणाच आहे."

त्याचा स्वर ढळला नाही.

"राग आला?"

"तेव्हा आला. आता कळतं, मला त्या काठापासून दूर न्यायचं होतं त्यांना."

"या नोकरीत त्याचा काय उपयोग?" अध्यक्ष म्हणाले.

"खाली उतरलेल्याचा जीव वरच्यांच्या हाती असतो, सर. निर्णय घेताना ते मला आठवेल."

अध्यक्षांनी मान हलवली आणि ते पाणीपुरवठ्याच्या प्रश्नांकडे वळले. त्यांची उत्तरेही त्याने न अडखळता दिली.

बाहेर उमेदवारांना न्यायला कोणाचे भाऊ, कोणाचे मामा आले होते. गर्दी टाळून तो भिंतीशी उभा राहिला आणि त्याने घरी फोन लावला.

"माझं विचारलं का रे?" वडिलांनी दबक्या आवाजात विचारले.

"विचारलं. विहिरी खणता म्हणून सांगितलं."

"शेती म्हणायचंस की, लेका! लाज नाही वाटली?"

"नाही, बाबा."



"बरं. ठेवतो आता. उतरायचंय."

"दोर कोण धरतंय?"

"आहेत की शेजारचे. तू जेवून घे."

फोन बंद झाला. भोवतीची माणसे आपापल्या माणसांसह पांगली. रिकामी मूठ मिटून तो तिथेच कितीतरी वेळ उभा होता.