तयार माप

त्या गुरुवारी परत आलेली पार्सलं सात होती. त्यांतली पाच खिशाच्या गाऊनची.

आईने नेहमीप्रमाणे कात्रीने चिकटपट्टी कापली, गाऊन कटिंगच्या टेबलावर पसरला, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि टेप लावली. मग ज्या बाईने गाऊन परत पाठवला होता तिला फोन. हे तिचं रोजचंच. तक्रार कशी का असेना, आई तिच्या घरची खुशाली विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नसे.

"काखेत का हो? बरं. हात वर केला की? बरं बरं. नाही हो, रागवायचं काय त्यात, पाण्यात म्हैस आणि वर मोल, असंच व्हायचं."

फोन ठेवून तिने एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या आणि ती चिठ्ठी खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवली.

खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या मुलीने मान वर केली नाही. "आई, फोन कशाला करतेस? कारण त्यांनी वेबसाइटवर निवडलेलं असतं. हे बघ, 'साइज बरोबर नाही'. पाचही जणींचं तेच."

"बरोबर नाही म्हणजे कसं नाही?"

"बरोबर नाही म्हणजे बरोबर नाही."

"वा! डॉक्टरला जाऊन 'बरं नाही' एवढंच सांगून यावं, तसं झालं हे."

कटिंगच्या मास्तरांना हसू आलं. मुलीला आलं नाही. आठ महिन्यांपूर्वी तिची नोकरी गेली आणि ती घरी परतली. दोन खोल्यांच्या या शिवणघराचं ऑनलाइन दुकान तिने उभं केलं होतं. फोटो तिचे, वर्णनं तिची, मापांचे तक्तेही तिचेच. त्या दुकानाला आता परतीची कीड लागली होती.

"तुझ्या मापातच घोळ आहे, आई," ती म्हणाली. "नजर गेलीय तुझी. टेपवरचे आकडे तरी दिसतात का?"

आई टेप गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाली, "असेल, राणी. म्हातारी झाले." आणि चहा टाकायला आत गेली.

शुक्रवारी सकाळी आई उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. मुलीने तेव्हा मान हलवली, आणि नंतरचे बरेच दिवस कुणी काही विचारलं की ती तेवढंच करत राहिली.

*

सहा आठवड्यांनी, स्वतःच्या वेबसाइटखेरीज ज्या मोठ्या साइटवर त्यांचा माल विकला जायचा, तिथून पत्र आलं. खिशाच्या गाऊनच्या परतीचं प्रमाण मर्यादेबाहेर आहे. महिन्याभरात कमी झालं नाही तर तो यादीतून काढण्यात येईल.

मावशी आईची धाकटी बहीण, आणि दुकानाची अर्धी मालकीण. तिने चष्मा कपाळावर चढवून पत्र दोनदा वाचलं.

"काढू दे. आपणच काढू. नाकापेक्षा मोती जड झालाय तो गाऊन."

"तो आईचा आहे, मावशी."

खरंच होतं ते. दोन्ही बाजूंना हात कोपरापर्यंत जाईल असे खोल खिसे, गळ्याला उलटी पट्टी. वीस वर्षांपूर्वी आईने तो स्वतःसाठी बेतला होता. मग शेजारणीने मागितला, मग तिच्या नणंदेने. दुकान त्या गाऊनवर उभं राहिलं.

"म्हणून काय झालं? माझी बहीण होती ती, मला नाही का वाटत?" मावशीचा आवाज जरा चढला, मग खाली आला. "सोमवारपर्यंत सांग मला. कारण सापडलं तर ठेवू."

फोन वाजला. जुनं गिऱ्हाईक होतं. बाईंना द्या म्हणालं.

"त्या बाहेर गेल्यात," मुलगी म्हणाली.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. हे काही पहिल्यांदाच घडत नव्हतं.

*

मुलीने आई जाण्याआधीच्या चार महिन्यांच्या परती वस्तूनुसार मांडल्या. आधी नुसते आकडे, मग विकलेल्या मालाच्या हिशेबात. गाऊन दोनशे दहा विकले, बावन्न परत: शंभरात पंचवीस. एप्रन एकशे साठ, परत एकोणीस. उशीचे अभ्रे नव्वद, परत एकवीस. आकड्याकडे पाहिलं तर अभ्र्यांचं काही वाटत नव्हतं. प्रमाण काढल्यावर कळलं की तेही गाऊनच्या पाठोपाठच आहेत.

पण 'का' याचं उत्तर तिच्या यादीत नव्हतं. गाऊनच्या बावन्नांपैकी एक्केचाळीस 'साइज बरोबर नाही', आठ 'वर्णनाशी जुळत नाही', तीन इतर. आईचा प्रश्न तिला आठवला. बरोबर नाही म्हणजे कसं नाही?

तिने खिळ्यावरची तार उतरवली.

चिठ्ठ्यांवर तारीख, वस्तू, साइज, बाईचे शब्द आणि खाली आईने स्वतः तपासलेलं. अक्षर गोल, ठसठशीत. नजर कुठेही गेलेली दिसत नव्हती.

अभ्र्यांचं कोडं पाच मिनिटांत सुटलं. 'फोटोत दोन, पार्सलात एक. माझी मुलगी हसली मला.' 'दोन समजल्या.' 'दोन समजल्या.' पहिल्या फोटोत तिने सोफ्यावर दोन उशा ठेवल्या होत्या, शोभेसाठी. 'एक नग' हे शब्द वर्णनाच्या सातव्या ओळीत. चूक मालात नव्हती, फोटोत होती.

एप्रनच्या एकोणीसपैकी चौदा चिठ्ठ्यांवर 'बंद निघाला, पहिल्या धुण्यात'. चौदाही एकाच पंधरवड्यात शिवलेले. तिने मास्तरांना विचारलं, तेव्हा ते जरा वरमले. "तेव्हा घाई होती ताई. बंदाला एकच टीप मारली. चौकोन मारून आत फुली घालायला हवी, ती राहिली." तो उरलेला ढीग त्यांनी तेव्हाच उसवायला घेतला.

राहिला गाऊन.

'वर्णनाशी जुळत नाही' निवडणाऱ्या आठ जणींपैकी सहा जणींनी आईला फोनवर सरळ सांगितलं होतं, साइजचंच होतं हो, पण ते कारण निवडलं की परत न्यायचे पैसे लागत नाहीत. म्हणजे साइजचे सत्तेचाळीस. मुलीने टेबलावर दोन ढीग केले. 'घट्ट, काखेत', 'घट्ट, हात वर होत नाही': एकोणतीस. आणि 'ढगळ', 'खांदा उतरतो': अठरा.

एकच गाऊन, एकच साइज, आणि घट्टही अन् ढगळही. यादीत ही दोन्ही दुखणी एकाच नावाखाली झोपली होती.

मग तिने तारखा लावल्या. ढगळची पहिली चिठ्ठी आई जाण्याच्या दोन महिने आधीची. त्याच्या अगोदर एकही नाही. घट्टच्या मात्र आधीही होत्या आणि नंतरही. आणि ढगळ म्हणणाऱ्या जवळजवळ सगळ्या जणी जुनी गिऱ्हाइकं. 'गेल्या वर्षी हाच एल छान बसला होता' असं म्हणणाऱ्या.

आईची तळाची ओळ तिने तेव्हाच नीट वाचली. घट्टच्या एल साइजच्या चिठ्ठ्यांवर: 'भरला ४४. बरोबर.' ढगळच्या एल साइजच्या चिठ्ठ्यांवर: 'भरला ४८. बरोबर.'

"मास्तर," ती म्हणाली, "चव्वेचाळीसही बरोबर आणि अठ्ठेचाळीसही बरोबर, असं कसं?"

मास्तरांनी सुई कॉलरला टोचली. बराच वेळ उसवलेल्या बंदाचे दोरे वेचत राहिले.

"बाईंनी सांगू नका म्हटलं होतं."

"मास्तर."

"ताई, चव्वेचाळीस हे आमचं तयार माप. शिवून झाल्यावर गाऊन भरतो ते. चाळीस छातीच्या बाईला चव्वेचाळीसचा गाऊन, चार इंच मोकळीक. बाईंच्या वहीत तयार मापच असतं, वीस वर्षं. तुम्ही वहीतनं उतरवलंत आणि वेबसाइटवर वर लिहिलंत 'छाती'. आता वाचणारी काय करणार? स्वतःची छाती मोजणार. चव्वेचाळीस आली की एल मागवणार. अंगाला घट्ट होणार नाही तर काय!"

मुलगी खुर्चीवर बसली.

"बाईंच्या लक्षात आलं फोनवरच. म्हणाल्या, मास्तर, नव्या लॉटला चार इंच वाढवा. मी म्हटलं, खांदे उतरतील. आणि जुना ढीग शिल्लक आहे, दोन्हींवर एलच, कुणाला कुठला जाईल सांगता येणार नाही. तर म्हणाल्या, जाऊ दे. तक्ता सांगतो तसा गाऊन शिवू. पोर नोकरी जाऊन आलीय, इतक्या उमेदीनं सगळं मांडलंय. तिला पहिल्याच कामात खोट काढून दाखवायची नाही मला."

दारात मावशी उभी होती. तिने केव्हापासून ऐकलं होतं कोण जाणे.

"अशीच होती," मावशी म्हणाली. "कपडा उसवील, पण माणसाला बोलणार नाही." मग नाक पुसून, "आणि तू! काखेत कळसा अन् गावाला वळसा. चिठ्ठ्या चार महिने डोक्यावर लटकत होत्या."

"मी तिला नजर गेलीय म्हटलं, मावशी. शेवटच्या दिवशी."

"ऐकलंय मी. मास्तरांनी सांगितलं." मावशीने टेबलावरचा एक गाऊन ओढला आणि टेप तिच्या हातात दिली. "मोज आता."

ती दुपार मोजण्यात गेली. शिलकीतला एकेक गाऊन टेबलावर, काखेपासून काखेपर्यंत टेप, दुप्पट, मग ढीग. वाढवलेले सगळे वेगळे केले. त्यांच्यावरचं एल काढून 'ढगळ कट' अशी नवी पट्टी लावली आणि खांदा उतरता आहे हे वर्णनाच्या पहिल्या ओळीत लिहिलं. नव्या गाऊनचा बेत पुन्हा आईचा जुनाच. तक्त्यात आता दोन रकाने झाले, 'तुमच्या अंगाचं माप' आणि 'गाऊनचं तयार माप'. एल: चाळीस, चव्वेचाळीस. आपल्या वेबसाइटवरच्या परतीच्या कारणांतून 'साइज बरोबर नाही' गेलं. तिथे 'घट्ट झाला', 'ढगळ झाला' आणि 'कुठे?' असा एक मोकळा चौकोन आला. अभ्र्याच्या फोटोत एकच उशी उरली.

आणि परत आलेल्या प्रत्येक पार्सलासाठी ती फोन करू लागली. खुशाली विचारायला तिला जमत नव्हतं अजून. पण चिठ्ठी लिहायची, तारेत ओवायची.

महिना संपला तेव्हा अठ्ठेचाळीस नवे गाऊन विकले गेले होते आणि परत आले चार. साइटकडून दुसरं पत्र आलं नाही. मावशी म्हणाली, "हं," आणि तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ होतं.

त्याच आठवड्यात भर दुपारी फोन वाजला. मास्तर मशीनवर होते, मावशी बटणं निवडत होती.

"बाई आहेत का?" एक वयस्क आवाज. "मी मागे गाऊन परत पाठवला होता बघा, खांदा उतरत होता. आता नवा आला. पूर्वीसारखा बसलाय अगदी. त्यांना सांगायचं होतं. बाहेर गेल्यात असं म्हणाला होतात तुम्ही, आल्या का?"

मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. नेहमीचं वाक्य जिभेवर तयार होतं. समोर टेबलावर एल पसरलेला होता, खिसे बाहेर आलेले.

मास्तरांनी मशीन थांबवलं.

"नाही," ती म्हणाली. "आई गेली. तीन महिने होत आले. मी तिची मुलगी." मग ती पुढे बोलली, दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल इतक्या स्पष्ट. "तो गाऊन तिच्याच मापाचा आहे. तिचं माप कधीच चुकलं नव्हतं. चुकले होते ती मी."