बोटाएवढा वाघ

हेमराजची गाय वाघानं मारली होती. पंचनाम्याला आलेल्या वनरक्षक मयुरीनंच त्याच्या फोनवर पॉइंट फाइवचा रुंद कॅमेरा लावून दिला, गायीसकट अख्खं शेत फोटोत यावं म्हणून. ती स्वतः आपल्या फोनवर साधा एकचा कॅमेरा ठेवून नरडीवरच्या दातांच्या खुणा टिपत होती. तेवढ्यात बांधावरचं गवत हललं. तिनं जागेवरूनच दूरचं जवळ आणणारा तीनचा कॅमेरा लावला, आणि स्क्रीनभर वाघाचं तोंड आलं.

"हेमराजभाऊ, मांगं या!"

हेमराज फोनात बघत पुढंच चालला होता. "लय दूर हाय मॅडम, बोटाएवढा दिसून राह्यला."

मयुरी ओरडली, "त्या कॅमेऱ्यात सारंच दूर दिसते! फोन खाली करा!"

त्यानं केला. वाघ दहा पावलांवर होता.