ओल्या गोंदातल्या गुट्ट्या

संध्याकाळी सहाला ओट्यावरच्या कपाटाचं दार निखळून प्रयागबाईंच्या डोक्यात पडलं. मुलगा गोलू त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. सून कामिनीनं सुतार रामाजीला बोलावलं.

बोर्डाचा भुसा होऊन बिजागरीचे स्क्रू नुसते फिरत होते, म्हणून त्यानं दुपारी भोकं मोठी करून गोंद लावून लाकडी गुट्ट्या ठोकल्या होत्या. आता स्क्रूंसकट गुट्ट्याच बाहेर आल्या होत्या. गोंद ओला होता.

"दार उद्या लावतो म्हणलं होतं नं वं बाई? कोणं लावलं?"

"बिनदाराचं कपाट तुह्या माहेरी चालत असंन," असं सासू दुपारी रामाजी गेल्यावर बोलली, तेव्हा कामिनीनंच स्क्रू कसले होते.

गोलूचा फोन आला. "आई शुद्धीवर नाही. रामाजीले जाऊ देऊ नको, पोलीस येऊन राहिले."

कामिनीनं घराला आतून कडी घातली.